धुतलेल्या शर्टाचा वास

"हा धुतलेला आहे, काकू. कालच मशीनमधून काढलाय," असं म्हणत तिने टी-शर्ट माझ्या हातात दिला. निळा, अंगाला घट्ट बसणारा, दुकानात 'ड्रायफिट' म्हणून मागतो तसला. नाकाशी धरला तर साबणाचा मंद वास आला, बाकी काही नाही. मग तिने तो उलटा केला, काखेचा भाग मुठीत घेतला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मिनिटभर मूठ आवळून धरली. "आता बघा." आता आंबूस, कांद्याच्या अंगाने जाणारा, जुन्या घामाचा वास स्वच्छ येत होता.

ठाण्यात राहणारी ही मुलगी सकाळी साडेसहाला जिमला जाते. तिथून परस्पर लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने अंधेरी, तिथे ऑफिस. घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. व्यायामाचे ओले कपडे पावणेआठला बॅगेत जातात आणि रात्री नऊनंतर बाहेर निघतात. मधले तेरा तास बॅगेची चेन बंद. तिची तक्रार बॅगेच्या वासाची होतीच, पण खरा त्रास वेगळा होता. धुतलेला शर्ट घालून ट्रेडमिलवर दहा मिनिटं झाली, अंग तापलं, की शर्ट पुन्हा वास मारायला लागायचा. मग स्प्रे. स्प्रेचा उग्र वास आणि खालचा घामट वास एकमेकांत मिसळले की दोन्हीपेक्षा वाईट असं काहीतरी तयार व्हायचं. गर्दीच्या मेट्रोत वरची कडी धरायला हात वर करणंच तिने सोडून दिलं होतं.

या विषयावर लिहायचं ठरवल्यावर मी बऱ्याच जणांशी बोलले. ट्रेनर, जिममध्ये लॉकररूम पुसणाऱ्या मावशी, लाँड्रीवाले, शाळेच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुलांच्या आया. जवळजवळ प्रत्येकाने हीच गोष्ट सांगितली: कपडा धुतलेला असतो, तरी अंगावर चढला की वास येतो. म्हणून या लेखात त्या एका निळ्या शर्टाचाच माग काढायचा आहे.

सुरुवात घामापासून करू. व्यायाम करताना जो भरपूर घाम निथळतो तो मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि ताजा असताना त्याला जवळपास वास नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या प्रकारच्या ग्रंथीही असतात. त्यांचा स्राव थोडा, पण दाट असतो आणि त्यात प्रथिनं व स्निग्ध पदार्थ असतात. हाही सुरुवातीला वासरहितच असतो. त्वचेवर कायम राहणारे जिवाणू तो खातात, त्याचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांना वास असतो. काही तुकडे आम्लं असतात. त्यांचा वास आंबूस, बोकडासारखा. काहींमध्ये गंधक असतं. त्यांचा वास कांद्यासारखा, आणि तो इतका तीव्र असतो की अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020मध्ये हा गंधकाचा वास तयार करणारं नेमकं विकर शोधून काढलं. ते काखेत राहणाऱ्या 'स्टॅफिलोकोकस होमिनिस' नावाच्या जिवाणूत सापडतं. कांद्याच्या वासाचं हे उत्तर आहे, आणि आहारातला कांदा बंद करून तो का जात नाही, याचंही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आंघोळ पुरली असती. पण शर्ट कशाचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. 2014मध्ये बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. 26 निरोगी माणसांना तासभर जोरात सायकलिंग करायला लावलं, त्यांचे टी-शर्ट गोळा केले, 28 तास तसेच ठेवले आणि मग वास ओळखण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या लोकांना हुंगायला दिले. पॉलिएस्टरचे शर्ट सुतीपेक्षा जास्त तीव्र आणि जास्त नकोसे वाटले. तपासणीत दिसलं की 'मायक्रोकोकस' वर्गातले जिवाणू पॉलिएस्टरवर विशेष फोफावले होते. काखेतल्या वासाला ज्यांना सर्वांत जबाबदार धरलं जातं ते 'कोरिनेबॅक्टेरियम' मात्र कापडावर वाढलेच नव्हते. म्हणजे अंगाचा वास आणि कपड्याचा वास यांचे कर्ते वेगवेगळे असू शकतात. माणूस कितीही स्वच्छ असला तरी त्याचा शर्ट आपला वेगळा संसार मांडून बसतो.

याचं कारण धाग्यात आहे. कापसाचा धागा पाणी आत घेतो. सर्वसाधारण हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज धरून असतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतं. म्हणून घाम त्याच्या आत न शिरता धाग्यांच्या फटींतून पसरतो, झटकन उडतो आणि अंग कोरडं वाटतं. ज्या गुणासाठी आपण हा शर्ट घेतो तो हाच. पण पॉलिएस्टरला पाण्याचं वावडं असलं तरी तेलाची ओढ आहे. अंगातून निघणारं तेल त्याला चिकटतं, वास देणारे तेलकट रेणू त्यात मुरतात, आणि थंड पाण्यातली घाईची धुलाई त्यांना बाहेर काढू शकत नाही. शर्ट कोरडा आणि गार असेपर्यंत ते गुपचूप बसतात. अंगाची ऊब आणि ओल मिळाली की उडायला लागतात, आणि मागे उरलेले जिवाणूही जागे होतात. मुठीत धरून वाफ देण्याची तिची परीक्षा म्हणूनच अगदी योग्य होती. धुतलेला कपडा स्वच्छ आहे की नाही हे दोरीवर हुंगून कळत नाही, ऊब देऊन कळतं.

आता ते तेरा तास. ओला पॉलिएस्टर शर्ट, ओले मोजे आणि टॉवेल एका बंद नायलॉनच्या बॅगेत, तीही मुंबईच्या हवेत. जिवाणूंना ओल, ऊब आणि अन्न तिन्ही मिळतं. वासाचा मोठा भाग तिथेच तयार होतो. बॅगेच्या तळाशी जो पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पट्टी असते ती काढून पाहा. मी सांगितल्यावर तिने काढली. खाली राखाडी बुरशीचा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा होता, एक वाळलेली केळ्याची साल होती, आणि बॅगेच्या वासाचा अर्धा उलगडा तिथेच झाला. ती पट्टी बहुतेक बॅगांमध्ये निघते आणि बहुतेक लोक ती कधीच काढत नाहीत.

पहिला बदल आम्ही या तेरा तासांमध्ये केला. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं तिने बंद केलं. प्लास्टिकने बॅग वाचते, पण आतला कपडा आणखी आंबतो. त्याऐवजी जाळीची पिशवी. जिममध्येच शर्ट नळाखाली एकदा साध्या पाण्याने खळबळायचा आणि कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट पिळायचा. ताजा घाम पाण्यात विरघळतो, तो त्याच क्षणी निघून गेला की जिवाणूंना खायला कमी उरतं. ऑफिसात तिच्या टेबलाखाली बॅग चेन उघडी ठेवून बसते. शक्य असेल त्यांनी ऑफिसच्या बाथरूममधल्या हुकला जाळीची पिशवी टांगावी. तिला ते अवघड वाटलं, आणि मी आग्रह केला नाही. बुटांसाठी वेगळी पिशवी, आतली गादी रोज बाहेर. रिकामी बॅग रविवारी साबणाच्या कोमट पाण्याने आतून घासून, उलटी करून, उन्हात पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. नुसती वरून वाळलेली बॅग आठवड्यात पुन्हा कुबट होते, कारण ओल अस्तराच्या शिवणीत राहते.

मग आधीच मुरलेल्या वासाकडे वळलो. नौपाड्यातल्या एका जुन्या लाँड्रीवाल्या काकांकडे क्रिकेट अकादमीच्या जर्सी येतात. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली: "शेवटच्या पाण्यात सुगंधी सॉफ्टनर घालता का?" ती घालत होती, भरपूर. काकांनी नकारार्थी मान हलवली. सॉफ्टनर कापडावर एक पातळ, मेणचट थर बसवतो. सुती चादरीला त्याने मऊपणा येतो, पण ड्रायफिटच्या बारीक फटी त्याने बुजतात. घाम उडत नाही, तेल पकडून धरलं जातं आणि पुढच्या वेळी साबण आत पोचत नाही. वास येतो म्हणून अधिक सुगंधी सॉफ्टनर, आणि त्यामुळे अधिक वास, या चक्रात बहुतेक घरं सापडलेली आहेत. जास्तीच्या डिटर्जंटचंही तसंच. न निघालेला साबण कापडावर बसतो आणि मळ धरतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात हे आणखी होतं.

काकांचा उपाय धुण्याचा सोडा. त्यामागचं रसायनशास्त्र सरळ आहे. आंबूस वास आम्लांचा असतो, आणि सोडा अल्कधर्मी. दोन्ही भेटले की आम्लाचं मीठ बनतं. ते हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही, आणि पाण्यात विरघळून निघून जातं. सोड्याने जड पाणीही मऊ होतं, म्हणून साबण नीट काम करतो. खायचा सोडा याच कुळातला, पण खूपच सौम्य. बुटात शिंपडायला तो चांगला, मुरलेल्या शर्टाला पुरत नाही. गंधकाच्या वासाला मात्र नुसता सोडा पुरेसा नाही. त्याला ऑक्सिजन लागतो, आणि तो सोडियम परकार्बोनेटमधून मिळतो. डाग काढायच्या ज्या पावडरी 'ऑक्सिजन' म्हणून विकल्या जातात त्यांत तेच असतं. पाण्यात पडल्यावर त्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, म्हणजे दोन्ही कामं एकाच पावडरीत.

तिच्या तीन शर्टांवर आम्ही काय केलं ते नेमकं सांगते. शर्ट उलटे केले. काखेच्या भागावर भांडी घासायच्या लिक्विडचा एकेक थेंब टाकून बोटाने चोळला आणि पंधरा मिनिटं ठेवला, तेल सैल व्हावं म्हणून. बादलीत पाच लिटर कोमट पाणी घेतलं, हात सहज बुडवून ठेवता येईल इतपत, 40 अंशांच्या आसपास. गार पाण्यात ही पावडर नीट जागी होत नाही, आणि फार कढत पाण्याने शर्टातला ताणणारा इलास्टेनचा धागा सैल पडतो. त्यात साधं परकार्बोनेट दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, पूर्ण विरघळवलं. बाजारातल्या तयार पावडरीत इतरही घटक असतात, तिथे पाकिटावरचं प्रमाण पाळावं. हातात रबरी मोजे घातले. रंग जातो का, हे शिवणीच्या आतल्या भागावर आधी पाहिलं. मग दोन तास भिजत ठेवलं. बादलीवर घट्ट झाकण नाही, कारण त्यातून ऑक्सिजन वायू सुटत असतो. याच कारणाने उरलेलं पाणी बाटलीत भरून कधीही ठेवू नये. नंतर मशीनमध्ये 40 अंशांवर पूर्ण धुलाई, डिटर्जंट नेहमीच्या निम्म्याने कमी, खळबळणं एक वेळ जास्त, सॉफ्टनर अजिबात नाही. पंधरा मिनिटांची क्विक वॉश इथे उपयोगाची नाही.

वाळल्यावर पुन्हा मूठ आणि वाफ. एका शर्टाला काहीच वास आला नाही. निळ्याला किंचित आला, म्हणून पुढच्या आठवड्यात हेच एकदा परत केलं आणि तो गेला. तिसरा, सर्वांत जुना, दोनदा करूनही तसाच राहिला. त्याचं कापड काखेत चकचकीत आणि ताठ झालं होतं. इतकी वर्षं साचलेला थर त्यातून निघत नाही. तो तिने बाद केला, आणि ते बरोबर केलं.

व्हिनेगरबद्दल विचारणारे खूप असतात, म्हणून लिहिते. जड पाण्याचा आणि साबणाचा साचलेला थर सोडवायला व्हिनेगर उपयोगी पडतं. पण ते स्वतः आम्ल असल्याने आंबूस वासाच्या आम्लांना ते निकामी करू शकत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ते ब्लीच तसंही या कपड्यांना नकोच, इलास्टेन त्याने खराब होतं.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत, घरात दोन-दोन दिवस दांडीवर लटकणाऱ्या कपड्यांना येणारा ओल्या फडक्याचा वास घामाचा नसतो. जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी 2012मध्ये या वासाचा मुख्य रेणू आणि तो तयार करणारा जिवाणू दाखवून दिला: 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस'. हा चिवट आहे. कोरडं पडणं आणि अतिनील किरणं तो इतर अनेक जिवाणूंपेक्षा जास्त सोसतो. म्हणून एकदा कुबट झालेला टॉवेल नुसता उन्हात टाकला तर वाळतो, पण भिजला की वास परत येतो. सुती टॉवेल असेल तर त्याला 60 अंशांचं गरम पाणी द्यावं, सुताला ते चालतं. ड्रायफिटला वरचीच परकार्बोनेटची वाट. आणि पावसाळ्यात कपडे लवकर वाळणं महत्त्वाचं: मशीनचं स्पिन एकदा जास्त, दोन कपड्यांत चार बोटं अंतर, समोर पंखा. मशीनच्या दाराच्या रबरी घडीतही बोट फिरवून पाहा. तिथे काळी बुळबुळीत साय असेल तर कपडे धुताना वास त्यांना तिथूनच लागतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन सर्वांत गरम पाण्यावर सोडा घालून चालवावं.

आता अंगाकडे येऊ, कारण जिमनंतर थेट ऑफिस गाठणाऱ्यांचा प्रश्न तिथे आहे. व्यायाम थांबला तरी शरीर आतून तापलेलं असतं आणि घाम पुढे काही काळ येत राहतो. घाईने आंघोळ करून लगेच ऑफिसचा शर्ट चढवला की तो पाठीला चिकटलाच. तिच्या ट्रेनरने तिला शेवटची दहा-पंधरा मिनिटं संथ चालायला आणि स्ट्रेचिंगला ठेवायला सांगितलं, ते वासाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे. त्यानंतर आंघोळ, आणि साबण काख, जांघ, पाय यांवर नीट. तिच्या जिममध्ये शॉवर एकच आहे आणि रांग असते. अशा दिवशी दोन छोटे नॅपकिन पुरतात: एक साबणाच्या पाण्यात पिळलेला, त्याने काखा आणि मान पुसायची; दुसरा साध्या पाण्यात पिळलेला, त्याने साबण काढायचा. मग पूर्ण कोरडं करायचं. हे शेवटचं लोक टाळतात आणि ओलसर काखेवर डिओ मारतात.

डिओडरंट आणि अँटीपर्स्पिरंट यांची आपल्याकडे सरमिसळ होते. डिओडरंट जिवाणू कमी करतो किंवा वास झाकतो. आपल्याकडच्या बहुतेक स्प्रेंमध्ये मुख्यतः अल्कोहोल आणि सुगंध असतो. अँटीपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या ग्रंथींच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. ते रात्री झोपताना, कोरड्या त्वचेवर लावावं, कारण तेव्हा घाम कमी असतो आणि क्षार जागेवर बसतो. सकाळच्या आंघोळीने त्याचा परिणाम सगळा जात नाही. सकाळी जिमला निघताना घाईत फासलेलं अँटीपर्स्पिरंट घामाबरोबर वाहून शर्टावर जातं. बिनवासाचं रोल-ऑन मिळतं, ते शोधून घ्यावं. आपल्या घरातली तुरटी याच नात्यातली. ओली करून स्वच्छ काखेत फिरवली की जिवाणूंना नकोशी आम्लता येते आणि वास बराच वेळ आटोक्यात राहतो. घाम मात्र ती फारसा थांबवत नाही. ताज्या दाढीवर किंवा वॅक्सिंगवर लावली तर झोंबते, एक दिवस जाऊ द्यावा.

सुगंधाला माझा विरोध नाही. वाळ्याच्या किंवा चंदनाच्या अत्तराचा एक ठिपका, धुतलेल्या आणि कोरड्या मनगटावर, हातभर अंतरावर कुणाला कळणारही नाही इतका, मला फार आवडतो. पण बंद लॉकररूममध्ये फवारलेला उग्र स्प्रे दमा असलेल्या माणसाला खरोखर त्रास देतो. एका जिममधल्या मावशींनी सांगितलं की सकाळच्या गर्दीनंतर लॉकररूम पुसायला जाताना त्या आधी दार उघडं टाकून दहा मिनिटं बाहेर थांबतात. त्यांना घामाची सवय आहे, स्प्रेने खोकला येतो.

एक गोष्ट वासापेक्षा गंभीर आहे. ओले, घट्ट कपडे तासन्‌तास अंगावर ठेवणाऱ्यांना जांघेत आणि कमरेशी गजकर्ण धरतं. कडा उठलेला, खाजणारा, वर्तुळाकार चट्टा दिसला तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नये. आठवडाभर बरं वाटतं, बुरशी मात्र आत पसरते आणि चिवट होते. भारतभरचे त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षं हे कळवळून सांगत आहेत. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं कुणाबरोबर वाटून घेऊ नयेत, आणि व्यायाम संपला की खालचे कपडे आधी बदलावेत, वरचे नंतर.

तिने बाद केलेल्या शर्टाच्या जागी नवा घेताना आम्ही दोघी दुकानात लेबलं वाचत उभ्या होतो. 'वासरोधक' असं छापलेले काही कपडे होते. अशा अनेक कपड्यांत चांदीचा अंश असतो. तो जिवाणूंना रोखतो, पण प्रत्येक धुण्यात थोडा थोडा निघून जातो, आणि तेल मुरण्याचा मूळ प्रश्न तसाच राहतो. जास्तीचे पैसे त्यासाठी मोजावेत असं मला वाटलं नाही. मेरिनो लोकर या बाबतीत खरंच सरस आहे. तिच्यातून वास फार कमी येतो, पण तिची किंमत आणि ठाण्याचा मे महिना दोन्ही तिच्या विरोधात. शेवटी तिने धावण्याच्या दिवसांसाठी एक ड्रायफिट घेतला, काखेशी सैल आणि जाळीदार. वजनं उचलण्याच्या आणि योगाच्या दिवसांसाठी, जेव्हा घाम इतका निथळत नाही, दोन साधे सुती टी-शर्ट घेतले. ते लवकर ओले होतात आणि उशिरा वाळतात. पण गरम पाण्यात धुता येतात, आणि धुतले की त्यांचा वास खरोखर जातो.